पाच हजार रुपयांच्या वाटेवर सहा प्रश्न

तालुक्याच्या गावातली एक छोटी नागरी सहकारी बँक डोळ्यांपुढे आणा. तिने एका सॉफ्टवेअर कंपनीकडून मोबाइल ॲप करून घेतलं आहे. ॲपमध्ये तीनच सोयी आहेत: शिल्लक बघणं, खातेउतारा बघणं आणि दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं. ॲप खातेदारांना देण्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, ‘हे सुरक्षित आहे ना?’ कंपनीचा माणूस सांगतो, ‘हो, सगळं एन्क्रिप्टेड आहे.’ प्रश्न मोघम होता, त्यामुळे उत्तरही मोघमच मिळालं. हाच प्रश्न नेमकेपणाने विचारायच्या पद्धतीला थ्रेट मॉडेल म्हणतात. कोण, कुठून, काय करू शकेल आणि त्यावर आपण काय करणार, हे एकेका ओळीत कागदावर उतरवायचं, इतकंच.

त्यासाठी छोट्या बँकेला पेलेल अशी एक जुनी रीत आहे, स्ट्राइड. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या लॉरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी ती १९९९ मध्ये मांडली. सहा प्रकारच्या धोक्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. स्पूफिंग म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणं. टॅम्परिंग म्हणजे माहितीत फेरफार करणं. रेप्युडिएशन म्हणजे करून नंतर ‘मी केलंच नाही’ म्हणणं. इन्फर्मेशन डिस्क्लोजर म्हणजे माहिती नको त्याच्या हाती लागणं, डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणजे सेवा बंद पाडणं आणि एलेव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज म्हणजे आपल्याला नसलेले अधिकार मिळवणं.

पण ही यादी हातात घेऊन थेट ॲपवर तुटून पडलं तर काहीच हाती लागत नाही. आधी चित्र काढावं लागतं. फळ्यावर खातेदार आणि त्याचा फोन काढा. मग बँकेचा सर्व्हर, सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस, खात्यांचा खरा हिशेब ठेवणारी कोअर बँकिंग प्रणाली, ओटीपीचे एसएमएस पाठवणारी बाहेरची कंपनी आणि शाखेतल्या कर्मचाऱ्यांचं पॅनेल. कुठून कुठे माहिती जाते ते बाणांनी दाखवा. आता लाल खडूने रेषा मारायच्या. जिथे माहिती एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते, तिथे विश्वासाची सीमा असते. फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक रेषा येईल, सर्व्हर आणि एसएमएस कंपनीमध्ये दुसरी, सर्व्हर आणि कोअर बँकिंगमध्ये तिसरी, पॅनेल आणि सर्व्हरमध्ये चौथी. सहा प्रश्न विचारायचे ते मुख्यतः या रेषा ओलांडणाऱ्या बाणांना. माझ्या मते या कामातला निम्मा शहाणपणा रेषा योग्य जागी मारण्यातच आहे.

सर्वांत महत्त्वाची रेषा पहिली. पुष्कळ जण ॲपला बँकेचा भाग समजतात. ॲपवर बँकेचं बोधचिन्ह असतं, ते बँकेने बनवून घेतलेलं असतं, म्हणून ते आपलंच वाटतं. प्रत्यक्षात ते बँकेने छापून दिलेल्या स्लिपसारखं आहे. स्लिप बँकेची असली तरी तिच्यावर काय लिहायचं ते भरणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून तर कॅशिअर सही आणि खातं पडताळल्याशिवाय पैसे देत नाही. ‘पाठवा’ हे बटण दाबलं की फोनमधून सर्व्हरकडे साधारण असा निरोप जातो:

```
POST /v1/transfer
{ "from": "1002347", "to": "1009981", "amount": 5000 }
```

आता या बाणाला टॅम्परिंगचा प्रश्न विचारू. निरोप एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे वाटेतल्या तिऱ्हाइताला तो वाचता येत नाही. पण फोन ज्याचा आहे, तोच वाईट हेतूचा असला तर? तो स्वतःच्या फोनची वाहतूक स्वतःच्याच संगणकावरून वळवतो आणि हा निरोप उघडून वाचतो. ते अवघड व्हावं अशी तजवीज ॲपमध्ये करता येते, अशक्य मात्र करता येत नाही. मग तो `from` मध्ये शेजाऱ्याचा खाते क्रमांक घालतो. किंवा `amount` मध्ये `-5000` लिहितो, म्हणजे पैसे उलट दिशेने येतात का ते पाहतो. ॲपच्या पडद्यावर उणे आकडा टाइप होत नसेल, दुसऱ्याचं खातं निवडता येत नसेल, पण तो पडदा वापरतच नाही. पडद्यावरची प्रत्येक तपासणी ही प्रामाणिक ग्राहकाच्या सोयीसाठी असते, संरक्षण म्हणून तिची किंमत शून्य.

म्हणून कागदावर ओळ अशी लिहायची: ‘लॉगिन केलेला ग्राहक निरोपातला खाते क्रमांक बदलून दुसऱ्याच्या खात्यातून पैसे पाठवू शकतो.’ उपायाचीही ओळ तितकीच नेमकी हवी: ‘पैसे कुणाच्या खात्यातून जात आहेत हे सर्व्हरने निरोपावर न सोडता लॉगिन झालेल्या ग्राहकाच्या नोंदीवरून पडताळावं, रक्कम शून्यापेक्षा मोठी आणि मर्यादेत आहे का ते पाहावं, आणि तोच निरोप दुसऱ्यांदा आला तर नाकारावा.’ उपाय झाला की नाही हे कंपनीच्या शब्दावर सोडायचं नाही. दोन चाचणी खाती उघडायची, पहिल्याने लॉगिन करायचं, दुसऱ्याचा क्रमांक घालून निरोप पाठवायचा. सर्व्हरने नकार दिला पाहिजे. हीच चाचणी खातेउताऱ्यावरही करायची, कारण हीच चूक तिथे असेल तर ती माहितीच्या गळतीच्या रूपात दिसते. क्रमांक एकेकाने वाढवत गेलं की सगळ्या गावाचे उतारे हाती येतात.

आता सोंग घेण्याचा प्रश्न. लॉगिनच्या दारावर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून मी आधी ‘पिन विसरलात?’ आणि ‘नव्या फोनवर नोंदणी’ ही दोन दारं बघायला सांगेन. तिथे फक्त एसएमएसवर आलेला ओटीपी पुरत असेल, तर ज्याने खातेदाराच्या नावावर डुप्लिकेट सिम मिळवलं त्याला बँकेतही प्रवेश मिळाला. उपाय म्हणून ओटीपीच्या जोडीला डेबिट कार्डाचा पिन किंवा शाखेत येऊन ओळख पटवणं ठेवता येतं, आणि नव्या फोनवरून पहिले काही तास थोडीच रक्कम पाठवू द्यायची अशी मर्यादा घालता येते.

ओटीपीचं गणितही इथेच करून टाकावं. सहा आकडी ओटीपीच्या शक्यता दहा लाख. कितीही वेळा चुकू दिलं तर संगणक एकामागून एक आकडे टाकत राहील. पाचच प्रयत्न दिले तर अंदाजाने बरोबर ठरण्याची शक्यता दोन लाखांत एक उरते. पण म्हणून ‘पाच चुकांनंतर खातं बंद’ असा नियम केला, तर स्ट्राइडचं पाचवं अक्षर लगेच पुढे येतं. ज्याच्याकडे खातेदारांच्या मोबाइल क्रमांकांची यादी आहे, तो प्रत्येकाच्या नावाने पाच चुकीचे आकडे टाकून एका सकाळी सगळ्या बँकेला कुलूप लावू शकतो. त्यामुळे खातं बंद न करता तो ओटीपी रद्द करावा, पुढचा मिळायला दर वेळी जास्त थांबावं लागेल असं करावं आणि ओळखीच्या फोनवरून होणारं लॉगिन अडवू नये. एका अक्षरावरचा उपाय दुसऱ्या अक्षराचं दार उघडतो का, हे प्रत्येक ओळीपाशी थांबून पाहावंच लागतं. ही रीत घाईने वापरणारे नेमके इथेच चुकतात.

‘मी केलंच नाही’ हा धोका तांत्रिक लोकांना किरकोळ वाटतो. भारतातल्या बँकेला तो तसा वाटून चालणार नाही. ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकांनी ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. म्हणजे खातेदार शाखेत येऊन म्हणाला, ‘साहेब, हे पाच हजार मी पाठवलेच नाहीत,’ तर पुरावा बँकेने द्यायचा. त्यासाठी व्यवहाराची वेळ, फोनची नोंदणीकृत ओळख आणि कोणती पडताळणी झाली याची नोंद हवी. पिन किंवा ओटीपी मात्र त्या नोंदीत कधीच लिहायचा नाही, नाहीतर नोंदवहीच चोरीची जागा होते. शिवाय ही नोंद अशा ठिकाणी ठेवावी, जिथे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसालाही ती बदलता येणार नाही. ज्याच्यावर संशय येऊ शकतो त्याच्याच हातात नोंदवही असेल तर तिला पुरावा कोण म्हणेल?

अधिकार वाढवून घेण्याचा प्रश्न मी चौथ्या रेषेला, म्हणजे शाखेच्या पॅनेलला विचारेन. तिथला कारकून खातेदाराचा मोबाइल क्रमांक बदलू शकत असेल, तर ओटीपीची सगळी तटबंदी त्या एका खिडकीतून ओलांडता येते. क्रमांक एकाने भरावा, मंजूर दुसऱ्याने करावा. बँकेतली मेकर-चेकरची पद्धत इथे सक्तीची हवी, आणि दोघेही वेगवेगळ्या लॉगिनचे आहेत हे सर्व्हरनेच तपासायला हवं.

राहिली तिसरी रेषा, सर्व्हर आणि कोअर बँकिंगमधली. ‘आतलंच आहे’ म्हणून ती बहुतेकदा मारलीच जात नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवा. ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात पैसे वळवले गेले, आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेल्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत. हल्लेखोरांनी मध्येच उभ्या केलेल्या बनावट स्विचने त्यांना परस्पर मंजुरी दिली. स्ट्राइडच्या भाषेत हे सोंगच, फक्त ते ग्राहकाचं नव्हतं, बँकेच्या आतल्या यंत्राचं होतं. आपल्या छोट्या ॲपसाठी यातून एक ओळ निघते: सर्व्हर आणि कोअर बँकिंग यांनी प्रत्येक निरोपाला एकमेकांची ओळख पटवावी, आणि बाहेर मंजूर झालेले व्यवहार खात्यांतल्या नोंदींशी दिवसभर सतत जुळवले जावेत. तफावत दिसली की व्यवहार थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, तेही आधीच ठरलेलं असावं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ११ ऑगस्ट हा शनिवार होता.

इतकं करून कागदावर वीस-पंचवीस ओळी होतात. प्रत्येकीपुढे निर्णय लिहायचा: उपाय करणार, ती सोयच काढून टाकणार, की धोका पत्करणार. पत्करणार असाल तर कुणी, कधी आणि का पत्करला, ते सहीनिशी.

स्ट्राइडच्या जाळ्यातून निसटणारा एक धोका मात्र वेगळा लिहून ठेवावा लागतो. कुणीतरी पोलीस असल्याची बतावणी करून खातेदाराला घाबरवतं आणि तो स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा पिन घालून पैसे पाठवतो. ग्राहक खरा, फोन खरा, निरोप जसाच्या तसा, नोंदही चोख. सहाही प्रश्नांना उत्तर ‘सर्व ठीक’ असंच येतं. इथे उपयोगी पडतात ते व्यवहाराचे नियम: नव्या खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर ती काही तास रोखून धरणं, पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव पाठवण्याआधी दाखवणं, आणि त्याच पडद्यावर व्यवहार थांबवण्याचं बटण देणं. या तीन बदलांनी चित्रात नवे बाण येतात, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा सहा प्रश्न विचारावे लागतात. खातं क्रमांक टाकताच नाव दिसायला लागलं, तर क्रमांक बदलत बदलत सगळ्या खातेदारांची नावं गोळा करण्यापासून कुणाला अडवणार?