ग्रुप झाला, आता नियम लावा

नव्या इमारतीत चाव्या हातात पडल्या की सोसायटीची नोंदणी व्हायच्या आधीच रहिवाशांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. पहिले आठ दिवस सगळे गोडीगुलाबीने वागतात. नियम लावायचे ते तेव्हाच. पार्किंगवरून वाजल्यानंतर लिहिलेला प्रत्येक नियम कोणाला तरी आपल्यावरच रोख धरलेला वाटतो.

स्वागताचा मजकूर मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार, स्वागत! आपलं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर कळवा. एका फ्लॅटचे दोनच नंबर. पाणी, लिफ्ट, पार्किंग, सुरक्षा आणि सभा, एवढेच विषय. कोणाची थकबाकी इथे काढू नये. रात्री दहानंतर फक्त तातडीचं. तक्रार सेक्रेटरींकडे लेखी द्यावी.’ गुड मॉर्निंगवाल्यांसाठी वेगळा ग्रुप काढून द्यावा. नुसती बंदी कोणी पाळत नाही.

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. समजा, ६०३ च्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय. त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला की ७०३ वाले चिडतात, चौघे सल्ले देतात, दोन दिवसांत फोटो वर सरकून जातो आणि गळती तशीच राहते. तीच तक्रार अर्जावर तारीख घालून दिली आणि आपल्या प्रतीवर पोच घेतली, तर कमिटीला तिची दखल घ्यावी लागते. पुढे निबंधकांकडे जायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. सभेचंही तसंच. ग्रुपवर पंचवीस अंगठे उमटले म्हणजे ठराव झाला असं नव्हे. त्यासाठी रीतसर नोटीस, सभा आणि इतिवृत्त लागतं.

अॅडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अॅडमिनला केवळ अॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही; त्यात दोघांचा समान हेतू असल्याचं दिसावं लागतं. तरी दोन-तीन अॅडमिन ठेवावेत, म्हणजे एकजण गावी गेला तरी अडत नाही.

आता पिनची गोम. पिन केलेला संदेश २४ तास, ७ दिवस किंवा जास्तीत जास्त ३० दिवसच वर राहतो. शिवाय जो रहिवासी नंतर ग्रुपमध्ये येतो, त्याला आधीची पिन दिसेलच असं नाही. म्हणजे सहा महिन्यांनी आलेल्या भाडेकरूला नियम माहीतच नसतात आणि आपण म्हणतो, ‘वर लिहिलंय की!’ म्हणून हाच मजकूर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येही टाकावा आणि तिथे बदल करण्याची मुभा फक्त अॅडमिनना ठेवावी. पिन मात्र दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने लावावी. हे काम कोणाचं, तेही पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.