दोष दातांचा नाही, पाण्याचा

आयाबहिणींनो, गावातल्या आरोग्य शिबिरात आम्ही पाणी उकळण्याविषयी जे बोललो, तेच इथे थोडक्यात मांडत आहोत.

शिबिरात सात-आठ महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन आलेली आई बहुधा म्हणतेच, "दात येताहेत, म्हणून हगवण लागलीय." आजीही तिला दुजोरा देते. पण दातामुळे पातळ जुलाब होत नाहीत. दात येण्याच्या वयातच मूल रांगू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि वरचं पाणी प्यायला लागतं. म्हणजे त्याच वयात जंतू पहिल्यांदा भरपूर प्रमाणात त्याच्या पोटात जातात. दोष त्या जंतूंचा असतो, नाव मात्र दाताचं होतं.

हे जंतू येतात माणसाच्या विष्ठेतून. पहिल्या पावसात उघड्यावरची घाण वाहून विहिरीत उतरते. नळाचं पाणीही सुरक्षित असतंच असं नाही. बऱ्याच वस्त्यांत पाइप गटाराच्या कडेने जातो. पाणी सुटलेलं असतं तोवर आतला दाब गळक्या जोडातून पाणी बाहेर ढकलतो. पाणी बंद झालं की तोच जोड गटाराचं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी नळ आला की ते पाणी आधी आपल्या हंड्यात पडतं. म्हणून नळाचं सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नये. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. फडक्याने गाळून गाळ आणि कचरा निघतो, जंतू मात्र कापडातून आरपार जातात.

उष्णतेने ते मरतात. पण वाफ आली किंवा तळाला बारीक बुडबुडे दिसले, म्हणजे पाणी उकळलं असं नाही. सगळं पाणी वर-खाली होऊन खळखळ उकळी फुटली पाहिजे. तशी उकळी एक मिनिट राहिली की पुरे. वीस-वीस मिनिटं उकळण्याची गरज नाही, त्यात सरपण आणि गॅस वाया जातो. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चार पदरी सुती फडक्याने गाळा आणि मग उकळा.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. दीड वर्षाच्या मुलासाठी आई रोज पाणी उकळते, तरी त्याला जुलाब होतात. सासू म्हणते, "उकळून काय उपयोग झाला?" त्या पाण्याचा प्रवास पाहिला की उत्तर सापडतं. पाणी उकळून आईने ते माठात ओतलं. माठाच्या तळाला आधीचं कच्चं पाणी होतं आणि आतून बुळबुळीत थर धरलेला होता. मोठा मुलगा बाहेरून खेळून आला, त्याने पेला बुडवला, बोटंही बुडाली. उकळताना मेलेल्या जंतूंच्या जागी नवे जंतू आले. उकळलेल्या पाण्यात त्यांना रोखणारं काहीच नसतं.

म्हणून ज्या पातेल्यात उकळलं, त्यातच झाकण ठेवून निवू द्या. लवकर गार व्हावं म्हणून वरून कच्चं पाणी घालू नका. लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीच्या भांड्यातून पाणी घ्या, हात आत जाता कामा नये. ते पाणी चोवीस तासांत संपवा. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की पातेलं चुलीवर चढवलं, तर सकाळी पाणी निवलेलं मिळतं. सगळ्यांसाठी उकळणं परवडत नसेल, तर निदान पाच वर्षांच्या आतल्या मुलांपुरतं उकळा. बाकीच्यांच्या पाण्यात आशाताईंकडून मिळणारं क्लोरीनचं औषध चिठ्ठीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उकळलेलंही पाणी देऊ नका. त्याला फक्त अंगावरचं दूध.

उकळल्याने पाण्यातला क्षार किंवा फ्लोराइड जात नाही. आणि शी धुतलेल्या हाताने घास भरवला, तर उकळलेलं पाणीही मुलाला वाचवू शकत नाही. तिथे साबणच लागतो.

एवढं करूनही जुलाब लागले, तर पाणी बंद करू नका. लहान अंगातलं पाणी भराभर कमी होतं, आणि मुलं दगावतात ती त्यानेच. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि चमच्याने थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, मूल पेंगू लागलं, पाणीही पिईना किंवा शीतून रक्त पडलं, तर घरी वाट पाहू नका. ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा.