काळी पॅंट आणि मरून टॉवेल

धुण्याचा ढीग वेगळा करताना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: पांढरं की रंगीत? त्या हिशेबाने काळी पॅंट आणि मरून टॉवेल एकाच खेपेत जातात. रंग कुणाचाच कुणाला लागत नाही, पण दोरीवर घालताना पॅंटभर मरून तुसं दिसतात. ती ओल्या कापडावर तशीच वाळतात आणि मग ब्रश घेऊन बसावं लागतं.

यात डिटर्जंटचा दोष नाही. टर्किश टॉवेलवर सुताचे हजारो फासे असतात. मशीनमध्ये घासून त्यांतले आखूड तंतू सुटतात आणि पाण्यात तरंगतात. नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त तुसं सोडतो. फ्लॅनेल, लोकरीसारखं मऊ फ्लीस, सुती पायपुसणं हीसुद्धा तुसं सोडणारी. उलट कॉर्डरॉय, मखमल, सिंथेटिक लेगिंग्ज आणि गडद पॅंटी ही तुसं धरणारी किंवा दाखवणारी. टॉप लोड मशीनमधली जाळीची पिशवी थोडी तुसं पकडते. फ्रंट लोडच्या खालच्या फिल्टरमध्ये मात्र मुख्यतः नाणी, बटणं आणि पिना अडकतात. परदेशात गरम हवेच्या ड्रायरमध्ये बरीच तुसं झडून जाळीत जमतात. आपण कपडे दोरीवर वाळवतो, त्यामुळे ती सोय नाही. म्हणून रंगानंतरचा दुसरा प्रश्न असा: हा कपडा तुसं सोडतो की धरतो? दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

तिसरा प्रश्न वजनाचा, तेही ओल्या वजनाचा. टॉवेल आणि जीन्स खूप पाणी धरून ठेवतात, पॉलिएस्टरचा शर्ट फारसं धरत नाही. हलक्या कपड्यांत एकच जाड टॉवेल टाकला, तर स्पिनच्या वेळी तो ड्रमच्या एका बाजूला चिकटतो. मशीन धडधडतं, काही मशीन थांबून कपडे पुन्हा पसरवू पाहतात आणि उरलेली मिनिटं तिथेच अडकून बसतात. शेवटी कपडे पाणी ठिबकत बाहेर येतात. जड कपडा एकटा टाकू नये. त्याच्या जोडीला तसेच दोन-तीन असले की वजन सगळीकडे वाटलं जातं. शिवाय जीन्सची झिप आणि धातूची बटणं पातळ ओढणीला ओरबाडतात, ते वेगळंच.

आता चौघांच्या घरातला एक ढीग घेऊ: चार फिकट टॉवेल, शाळेचे तीन पांढरे शर्ट, चार बनियन, दोन जीन्स, दोन काळ्या पॅंटी, एक लेगिंग, शिफॉनची ओढणी आणि नवा मरून सुती कुर्ता.

आधी कुर्ता. आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात घट्ट दाबायचा. रुमालावर डाग उमटला, तर कुर्ता काही वेळा बादलीत एकटाच धुवायचा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, या समजावर विसंबू नये. कापड रंगवताना मीठ वापरतात हे खरं, पण नीट न बसलेला रंग नंतर मिठाने बसत नाही. ओढणीही हातानेच धुतलेली बरी.

उरलेल्याच्या तीन खेपा होतात. पहिलीत शर्ट आणि बनियन. दुसरीत चारही टॉवेल. तिसरीत जीन्स, काळ्या पॅंटी आणि लेगिंग. या तिसऱ्या खेपेतले सगळे कपडे उलटे करायचे, झिपा लावायच्या आणि लेगिंग जाळीच्या पिशवीत घालायची. जीन्सचा निळा रंग घासून सुटतो, पण काळ्यावर तो दिसत नाही. पॅंट उलटी असल्याने चुकून आलेली तुसं बहुतेक आतल्या बाजूला बसतात.

पाण्याची वेळ तासाभराचीच असेल आणि दोनच खेपा जमत असतील, तर पहिल्या दोन एकत्र कराव्यात. टॉवेल फिकट आणि जुने असले, तर पांढऱ्या शर्टावर त्यांची तुसं नजरेत येत नाहीत. टॉवेल चार असल्याने तोलही राहतो. काळ्या कपड्यांची खेप मात्र मोडायची नाही, कारण तिथे चूक झाली की ती लांबून दिसते.

आणि एवढं सगळं करूनही पांढरा चुरा सगळ्या कपड्यांवर पसरलेला निघाला, तर टॉवेलला बोल लावण्याआधी खिसे बघावेत. एखाद्या खिशात विसरलेला एक टिश्यू पेपर चार टॉवेलांपेक्षा जास्त घाण करतो.