दहाचे पंधरा

दादर स्थानकाबाहेर बसणाऱ्या एका चर्मकाराची ही गोष्ट कल्पनेतली आहे, हिशेब मात्र रोजचा. चपलेचा तुटलेला अंगठा शिवायचे तो वर्षानुवर्षे दहाच रुपये घेतो. सुरुवातीला दोरा, मेण आणि सोल्युशन मिळून दोन रुपये लागत, हातात आठ उरत. सामान महागत गेलं आणि आता त्यालाच पाच लागतात. दर तोच, पण कमाई आठावरून पाचावर आली. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही.

मग त्याने दर आधीच का वाढवला नाही? पहिली अडचण सुट्ट्या पैशांची. दहाचं नाणं टाकून लोक लोकल पकडायला पळतात. बारा सांगितले तर सुटे शोधण्यात वेळ जातो. त्यामुळे असे दर हळूहळू चढत नाहीत, बरीच वर्षं थांबून एकदम उडी घेतात. दुसरी अडचण शेजारच्या फुटपाथवरची: तिथे नवी चप्पल दीडशेला मिळते. शिलाई फार महाग झाली तर जुनी चप्पल सरळ कचऱ्यात जाते.

शेवटी तो पंधरा सांगतो. आता एका जोडामागे दहा रुपये उरतात, म्हणजे कमाई दुप्पट. निम्मी गिऱ्हाइकं तुटली तरी त्याचं नुकसान नाही. पहिल्या दिवशी एक काकू कुरकुरतात, "एकदम पाच रुपये वाढवलेत?"

"काकू, दोऱ्याचं रीळ बघा केवढ्याला झालंय," तो म्हणतो आणि आरी उचलतो. काकू पंधरा रुपये देतात.