आधी उचल, मग उतरव: ३,३०० किलो माल १,५०० किलोच्या गाडीत कसा बसतो?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी. बोलण्यातल्या अडखळी काढल्या आहेत. आकडे आणि कोड इथे नीट दिसतील.)

आज एका पिकअप गाडीचा पूर्ण दिवस कागदावर मांडू. गाडी सकाळी अमरावतीहून निघते, अकोल्याला जाते आणि संध्याकाळी परत येते. वाटेत बडनेरा, मूर्तिजापूर आणि बोरगाव मंजू. राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, तोच हा रस्ता. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की ही सगळी गावं जवळपास एका ओळीत आहेत. त्यामुळे हिशोब बोटांवर करता येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मालवाहतुकीचे रूट लावणारा कोड लिहितो. या कामात एक प्रश्न हमखास येतो: "आजच्या बिल्ट्यांची बेरीज किती? गाडीची क्षमता किती? बेरीज जास्त असेल तर दुसरी गाडी लागणारच ना?" नाही लागत. निदान दर वेळी नाही. का, ते बघू.

आजच्या सहा बिल्ट्या

गाडीची क्षमता १,५०० किलो धरू. तुमच्या गाडीची किती, ते आरसीवर सापडतं. भरलेल्या गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरलेल्या आकड्यात माणसंही आली, हे विसरायचं नाही.

हा माल मी उदाहरणासाठी ठरवलाय, पण या रस्त्यावर रोज दिसेल असाच आहे:

१. संत्र्याचे क्रेट, अमरावती ते अकोला, ६०० किलो
२. कापडाचे गठ्ठे, अमरावती ते मूर्तिजापूर, ५०० किलो
३. ठिबकचे पाइप, बडनेरा ते बोरगाव मंजू, ३०० किलो
४. तुरीची पोती, मूर्तिजापूर ते अकोला, ५०० किलो
५. सरकी ढेप, अकोला ते मूर्तिजापूर, ९०० किलो
६. तूरडाळ, अकोला ते अमरावती, ५०० किलो

बेरीज ३,३०० किलो, म्हणजे क्षमतेच्या दुपटीहून जास्त. पण हा सगळा माल एकाच वेळी गाडीत कधीच नसतो. म्हणून बेरीज बाजूला ठेवायची आणि दोन थांब्यांच्या मधल्या प्रत्येक टप्प्यावर गाडीत किती वजन आहे ते बघायचं. याला आपण चालता भार म्हणू.

अमरावतीत संत्री आणि कापड चढलं: १,१००. बडनेऱ्यात पाइप चढले: १,४००. मूर्तिजापुरात कापड उतरलं, ९०० राहिले, मग तूर चढली आणि पुन्हा १,४००. बोरगाव मंजूत पाइप उतरले: १,१००. अकोल्यात संत्री आणि तूर उतरली, गाडी रिकामी. मग डाळ आणि ढेप चढली: १,४००. परतताना मूर्तिजापुरात ढेप उतरली: ५००. अमरावतीत डाळ उतरली: शून्य.

दिवसभरात सगळ्यात मोठा आकडा १,४००. गाडी एकदाही क्षमतेच्या वर गेली नाही आणि ३,३०० किलो माल पोहोचला.

मूर्तिजापूरचा थांबा पुन्हा बघा

तिथे कापड उतरवायचंय आणि तूर चढवायचीय. समजा हमाल तुरीकडे आधी मोकळे आहेत, म्हणून तूर आधी चढवली. गाडीत १,४०० होते, त्यात ५००. झाले १,९००. थांबा तोच, माल तोच, नुसता क्रम उलटला आणि हिशोब मोडला. कापडाचं गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तिथपर्यंत गाडी ४०० किलो जास्त घेऊन धावणार.

आणि हे कागदापुरतं राहत नाही. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि तो उतरवण्याचा खर्चही आपलाच. स्वतःची एकच गाडी चालवणाऱ्या माणसाची अनेक दिवसांची कमाई यात जाते.

म्हणून कोडमध्ये "मूर्तिजापूर" असा एकच थांबा मी ठेवत नाही. कापड उतरवणं हा एक थांबा, तूर चढवणं हा दुसरा. गाव एकच असलं तरी नोंदी दोन.

कोडमध्ये

ऑडिओत हे वाचून दाखवलं नव्हतं. फक्त एवढंच आहे:

```python
CAP = 1500

def check(route):
    load = 0
    onboard = set()
    for job, kind, kg in route:
        if kind == "P":
            onboard.add(job)
            load += kg
        else:
            if job not in onboard:
                return False
            onboard.remove(job)
            load -= kg
        if load > CAP:
            return False
    return not onboard
```

`P` म्हणजे उचल, बाकी सगळं उतरव. वजन वाढवत-कमी करत जायचं, आणि कुठेही १,५०० ओलांडले की रूट बाद.

यात `onboard` कशाला, असं वाटेल. उचलायच्या आधीच उतरवायला निघालो तर वजन शून्याच्या खाली जाईल आणि चूक पकडली जाईलच की! पण तसं होतंच असं नाही. समजा रूटमध्ये चुकून तूर मूर्तिजापुरात चढायच्या आधीच "उतरवली". त्या वेळी गाडीत संत्री, कापड आणि पाइप मिळून १,४०० किलो आहेत. त्यातून तुरीचे ५०० वजा झाले, ९०० उरले. आकडा अगदी सरळ दिसतो, पण गाडीत नसलेला माल आपण उतरवला! दुसऱ्याच्या वजनाने ही चूक झाकली. म्हणून आधी उचल, मग उतरव हा नियम वजनाच्या भरवशावर सोडायचा नाही. कोणती बिल्टी गाडीत आहे, हे वेगळं लक्षात ठेवायचं.

गुगलचं ओआर-टूल्स वापरणाऱ्यांसाठी याच जागेची खूण सांगतो. उचलीच्या जागी `+500` लिहिलं तर उतरवायच्या जागी `-500` लिहावंच लागतं. तिथे शून्य राहिलं तर सॉल्व्हर समजतो, की चढलेला माल कधी उतरतच नाही. मग आपल्या ३,३०० किलोला तो "उत्तर नाही" म्हणून मोकळा होतो. बेरीज क्षमतेच्या आत असलेले दिवस नीट सुटतात आणि बेरीज वर गेली की लगेच अडतं, असं दिसलं तर आधी ही उणे चिन्हं तपासा. दुसरं, `AddPickupAndDelivery` ने जोडी नुसती कळवली जाते. दोन्ही थांबे एकाच गाडीत हवेत आणि उचल आधी हवी, या दोन अटी वेगळ्या घालाव्या लागतात.

निघायच्या आधी आलेला फोन

आता खरी मजा. सहा बिल्ट्या ठरल्यात आणि सातव्यासाठी फोन येतो: बडनेरा ते मूर्तिजापूर, फक्त २०० किलो. घ्यायची का?

सगळा रूट नव्याने मांडायची गरज नाही. नवा माल जिथे चढतो आणि जिथे उतरतो, त्याच्या मधल्याच टप्प्यांवर वजन वाढतं. त्याच्या आधी आणि नंतर काहीच बदलत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याची शिल्लक जागा लिहून ठेवायची:

- अमरावती ते बडनेरा: ४००
- बडनेरा ते मूर्तिजापूर: १००
- मूर्तिजापूर ते बोरगाव मंजू: १००
- बोरगाव मंजू ते अकोला: ४००
- अकोला ते मूर्तिजापूर (परतीचा): १००
- मूर्तिजापूर ते अमरावती (परतीचा): १,०००

बडनेरा ते मूर्तिजापूर शिल्लक १०० आणि माल २००. नाही बसत. पलीकडचा माणूस म्हणणार, "भाऊ, येतानी गाडी अर्धी रिकामी असते ना तुमची, मंग नाही काहून म्हणता?"

त्याचं खरं आहे, परतीला १,००० किलोची जागा आहे. पण ती जागा मूर्तिजापूर सोडल्यावर मिळते, आणि येताना बडनेरा लागतं मूर्तिजापूरनंतर. तिथे माल उचलला तर उतरवायला गाडी पुन्हा मागे न्यावी लागेल. जागा आहे, क्रम नाही. क्रम आहे तिथे जागा नाही.

तोच फोन मूर्तिजापूर ते अमरावती, ७०० किलोचा असता तर? जाताना उचलायला जागा नाही, पण परतीला ढेप उतरल्यावर चढवला की १,२०० होतात. आरामात बसतो. वजन साडेतीन पट, तरी उत्तर "हो". नवी बिल्टी किती जड आहे यापेक्षा ती कुठून कुठे जाते आणि मधल्या सगळ्यात अरुंद टप्प्यावर किती जागा उरलीय, यावर निर्णय ठरतो.

सगळे क्रम तपासून सगळ्यात चांगला का निवडत नाही? सहा बिल्ट्यांचे बारा थांबे, आणि उचल आधी ही अट पाळूनही त्यांचे ७४,८४,४०० क्रम होतात. दहा बिल्ट्यांचे दोन हजार लाख कोटींच्या वर. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर हेच करतं: आहे त्या रूटमध्ये नवी जोडी कुठे घुसते ते बघत जातं.

वजनाला न दिसणारं

या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे. ठिबकचे पाइप ३०० किलोच, पण हौदा भरून टाकतात. म्हणून वजनासारखाच जागेचाही चालता हिशोब ठेवावा लागतो आणि दोन्हीत रूट पास व्हावा लागतो.

दुसरं म्हणजे फाळका. माल मागून चढतो-उतरतो. पाइप बडनेऱ्याला, म्हणजे कापडानंतर चढले आणि कापडाच्या पुढ्यात बसले. मूर्तिजापुरात कापड काढायला आधी पाइप खाली घ्यायचे, मग परत चढवायचे. वजनाच्या हिशोबात रूट चोख, हमालीत दुप्पट. परतीला मात्र क्रम आपल्या हातात आहे. अकोल्यात डाळ आधी भरून आत सरकवायची आणि ढेप फाळक्याजवळ ठेवायची, कारण ती आधी उतरणार. अशा अटीचा नियम सोपा आहे: जे शेवटी चढलं ते पहिलं उतरावं. वरच्या कोडमध्ये `onboard` ऐवजी यादी ठेवा आणि उतरवताना यादीतली शेवटची बिल्टी तीच आहे का ते बघा. आपला रूट लगेच मूर्तिजापूरच्या कापडावर अडेल.

पुढच्या भागात याच सहा बिल्ट्यांना वेळा लावू. अकोल्यात संत्री सकाळी दहाच्या आत हवीत म्हटलं, की यातलं काय काय बदलतं ते बघू. तोवर तुमच्या गावाजवळचा एखादा रूट घ्या, प्रत्येक टप्प्याची शिल्लक जागा लिहा आणि सगळ्यात अरुंद टप्पा कोणता निघाला ते कमेंटमध्ये कळवा.