शिकायला जाणार की तिथलेच होणार? नवम आणि व्ययस्थानाचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की ज्योतिषाकडे येणाऱ्या पत्रिकांमधला प्रश्न ठरलेला असतो: ‘परदेशाचा योग आहे का?’ ऐकायला तो एक प्रश्न वाटतो. पण त्यात दोन प्रश्न आहेत. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी बाहेर जाईल का, हा पहिला. शिक्षण संपल्यावर तिथेच स्थायिक होईल का, हा दुसरा. पत्रिकेत या दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या घरांत शोधतात. ती एकत्र केली की भाकीत हमखास फसते.

नवम स्थान म्हणजे भाग्यस्थान. धर्म, गुरू आणि लांबचा प्रवास ही त्याची जुनी कारकत्वे. चतुर्थावरून शालेय शिक्षण आणि पंचमावरून बुद्धी पाहतात. पंचमापासून मोजत गेले तर पाचवे घर नवम येते, म्हणून बुद्धीचा पुढचा विस्तार, अर्थात पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन, नवमावरून पाहण्याचा प्रघात पडला. घर सोडून लांब जाणे आणि गुरूपाशी शिकणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात असल्यामुळे परदेशी शिक्षणाचा विचार इथूनच सुरू होतो.

बारावे म्हणजे व्ययस्थान. खर्च, एकांत, बंधन, मोक्ष हे त्याचे विषय. लग्न म्हणजे जातक स्वतः, आणि त्याच्या मागचे घर म्हणजे जे सुटते ते. पूर्वी समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई आणि देश सोडणे ही हानी समजली जाई, तेव्हा हे घर अशुभ गणले गेले. आजचे ज्योतिषी त्याच घरावरून परदेशातला वास पाहतात. शिवाय नवमापासून मोजले तर बारावे हे चौथे घर येते. चौथे म्हणजे निवास. लांबच्या प्रवासाला निवासाचे रूप येते ते या घरात.

म्हणून नवमेश आणि व्ययेश यांचा संबंध आला, म्हणजे युती झाली, परस्परदृष्टी झाली किंवा दोघे एकमेकांच्या राशीत गेले, तर शिक्षणासाठी परदेशगमनाचा योग सांगतात. स्थायिक होण्यासाठी तेवढे पुरत नाही. तिथे चतुर्थ पाहावे लागते, कारण ते मातृभूमीचे आणि घराचे स्थान. चतुर्थ किंवा त्याचा स्वामी पीडित असेल, तर माणूस मुळापासून सुटतो असे मानतात. ते बळकट असेल, तर माणूस कितीही लांब गेला तरी घर त्याला ओढून आणते.

एक नमुना पत्रिका मांडून हे पाहू. १ एप्रिल २००२, दुपारी दोन वाजता, पुणे. लग्न कर्क येते. नवमात मीन रास, तिचा स्वामी गुरू. बाराव्यात मिथुन रास, तिचा स्वामी बुध. त्या दिवशी गुरू मिथुनेत होता आणि बुध मीनेत. म्हणजे नवमेश बाराव्यात आणि व्ययेश नवमात, हा सरळ परिवर्तन योग झाला. त्यातही कर्क लग्नाला बुध तृतीयाचा स्वामी आहे, आणि तृतीय हे चतुर्थाचे व्ययस्थान, अर्थात घराबाहेर पडण्याचे स्थान. शिक्षणासाठी बाहेर जाण्याची खूण इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

पण योग बिनतोड नाही. मीन ही बुधाची नीच रास. शेजारीच रवी असल्याने बुध अस्तंगतही आहे. परिवर्तनाने त्याला आधार मिळतो, तरी जाणता ज्योतिषी इथे सावध होतो. प्रवेश मिळेल, पण कागदपत्रांत अडथळे, पहिल्या खेपेला नकार, उशीर, असे तो सांगेल. गुरू बाराव्यातून सातव्या दृष्टीने सहाव्या घराकडे, म्हणजे स्वतःच्याच धनू राशीकडे पाहतो. षष्ठ हे कर्जाचे आणि स्पर्धेचे घर. त्यामुळे हे शिक्षण कर्ज काढून होईल, असाही निष्कर्ष निघतो.

आता दुसरा प्रश्न. चतुर्थात तूळ रास, तिचा स्वामी शुक्र. तो दशमात मेषेत बसून सातव्या दृष्टीने स्वतःचेच घर पाहतो. बाराव्यातल्या गुरूची पाचवी दृष्टीही चतुर्थावर पडते. स्वामीची दृष्टी आणि गुरूची दृष्टी, अशा दोन आधारांवर चतुर्थ उभे आहे. या पत्रिकेतले गाव सुटत नाही. जाणे नक्की, कायमचे राहणे मात्र कच्चे, असा तिचा निवाडा.

हे केव्हा घडेल, ते दशा सांगते. चंद्र अनुराधा नक्षत्रात असल्याने जन्मतः शनीची महादशा असते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास बुधाची सतरा वर्षे सुरू होतात, ती साधारण बत्तिशीपर्यंत. व्ययेश बुधाच्या दशेत पंचविशीनंतर राहूची आणि पुढे नवमेश गुरूची अंतर्दशा येते. जाण्याचा आणि शिकण्याचा काळ तो. त्यानंतर केतूची सात वर्षे, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर चतुर्थेश शुक्राची वीस वर्षांची दशा. दशमातला चतुर्थेश घराच्या ओढीला कामाची जोड देतो, म्हणून परतण्याचा विचार याच काळात सांगितला जाईल.

आता हीच पत्रिका सव्वा तास आधीची, दुपारी पाऊण वाजताची मांडा. लग्न मिथुन होते. नवमेश शनी आणि व्ययेश शुक्र होतो, बुध दशमात जातो आणि परिवर्तन लग्नेश-दशमेशाचे ठरते. परदेशगमनाची ती ठळक खूण नाहीशी होते. आकाश तेच असते, फक्त घरे सरकलेली असतात. लग्न साधारण दोन तासांनी बदलते. म्हणून ‘दुपारी कधीतरी’ अशी जन्मवेळ देऊन नवम-द्वादशावर ठाम उत्तर मागू नये, आणि ज्योतिषानेही ते देऊ नये. प्रसूतिगृहाच्या नोंदीतली वेळ शोधून काढणे हे पहिले काम.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात ज्योतिषाची एक चाचणी झाली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका मिसळून सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या गेल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, हे ओळखायचे होते. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तर जेवढे आले असते त्याहून थोडे कमीच. बुद्धीचा प्रश्न पत्रिकेवरून सुटला नाही, तर त्याच पत्रिकेवरून विद्यापीठाचा आणि व्हिसाचा निर्णय लावणे धोक्याचे आहे.

नवम आणि व्ययस्थानाची ही मांडणी आपल्या परंपरेची विचार करण्याची एक रीत आहे, आणि तिने एक गोष्ट नेमकी ओळखली आहे. घर सोडणे, शिकणे आणि दुसऱ्या देशाचे होणे हे तीन वेगळे निर्णय आहेत. पत्रिका पाहणाऱ्या पालकांनी हा भेद घरात बोलावा. मुलाला शिकायला जायचे आहे की कायमचे राहायचे आहे, हे आधी त्याला विचारावे. शिक्षणकर्जाचा हप्ता, अभ्यासक्रमाची मान्यता आणि त्या देशाचे व्हिसाचे नियम कागदावर मांडावेत. नवमेश बाराव्यात आहे म्हणून घर गहाण टाकू नका, आणि तो तिथे नाही म्हणून हाती आलेला प्रवेश सोडू नका.