वरळीच्या समुद्रातली कमानदार तुळई ‘ट्रस’ आहे का? दांडे, सांधे मोजून ठरवा

२६ एप्रिल २०२४ च्या पहाटे वरळीच्या समुद्रात बार्जवरून आणलेली १३६ मीटर लांब आणि सुमारे २ हजार टनांची तुळई खांबांवर बसवण्यात आली. कोस्टल रोड आणि सी-लिंक जोडणारी ही ‘बो-स्ट्रिंग आर्च’ म्हणजे धनुष्याकृती तुळई. १५ मे रोजी तिची जोडीदारही बसली. वर कमान, खाली आडवी तुळई आणि दोघींना जोडणाऱ्या टांगण्या पाहून अनेक जण तिला ट्रस समजतात. ती ट्रस आहे का, हे ठरवायला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातलं एक साधं सूत्र पुरेसं आहे.

सूत्र काय आहे?

एका प्रतलातल्या ट्रसमध्ये दांडे टोकांना पिनने जोडलेले मानतात आणि भार फक्त सांध्यांवर येतो. त्यामुळे प्रत्येक दांडा फक्त ओढला किंवा दाबला जातो, वाकत नाही. प्रत्येक सांध्याला समतोलाची दोन समीकरणं मिळतात, एक आडव्या बलांचं आणि एक उभ्या. अज्ञात असतात दांड्यांतली बलं आणि आधारांच्या प्रतिक्रिया. म्हणून मोजणी अशी:

m + r = 2j

m म्हणजे दांडे, r म्हणजे प्रतिक्रिया, j म्हणजे सांधे. पिन आधार दोन प्रतिक्रिया देतो, रोलर एकच. डावी बाजू कमी भरली तर सांगाडा हमखास अस्थिर. जास्त भरली तर नुसत्या समतोलाने सगळी बलं काढता येत नाहीत.

धनुष्य मोजून पाहू

समजण्यासाठी सहा कप्प्यांचं सोपं चित्र घ्या (प्रत्यक्ष तुळईत कप्प्यांची संख्या वेगळी आहे). खाली ७ सांधे, कमानीवर आणखी ५, म्हणजे j = १२. खालचे ६ दांडे, कमानीचे ६ आणि उभ्या टांगण्या ५, म्हणजे m = १७. एका टोकाला पिन, दुसऱ्याला रोलर, म्हणून r = ३.

१७ + ३ = २०, पण हवेत २४. चार कमी! सगळे सांधे खरोखर पिनचे असते, तर मधले चारही चौकोनी कप्पे तिरके होऊन सांगाडा कोसळला असता.

मग असा पूल उभा कसा राहतो? कारण तो ट्रस नाहीच. कमान आणि खालची तुळई सलग, जाडजूड असतात आणि वाकण्याला विरोध करतात. ‘दांडा वाकत नाही’ हे गृहीतच इथे लागू नाही, त्यामुळे सूत्रही लागू नाही.

ट्रस करायचा तर?

मधल्या चार चौकोनी कप्प्यांत प्रत्येकी एक तिरका दांडा टाका. m = २१, आणि २१ + ३ = २४. हिशोब जुळला.

हिशोब जुळला, पण तरीही पडेल?

हो, आणि परीक्षेत मुलं इथेच फसतात. एका कप्प्यातला तिरका दांडा काढून शेजारच्या कप्प्यात दुसरा तिरका म्हणून लावा. बेरीज तीच, २४. पण रिकामा चौकोन मोकळा झाला आणि फुलीवाल्या कप्प्यात एक दांडा फालतू झाला. सांगाडा अस्थिर आहे.

हे ओळखायचं कसं? टोकाच्या त्रिकोणापासून सुरुवात करा आणि दर नव्या सांध्यासाठी दोनच नवे दांडे जोडत जा. मात्र ते दोन दांडे एका रेषेत नकोत. आपल्या ट्रसमध्ये पहिल्या त्रिकोणाचे ३ सांधे, पुढचे ९ प्रत्येकी दोन दांड्यांनी, म्हणजे ३ + १८ = २१. वाटेत कुठेही अडलो नाही, म्हणजे आतून पक्का.

दुसरा सापळा आधारांचा. पिन काढून तीन रोलर दिले तरी r तीनच राहतो. पण तिन्ही प्रतिक्रिया उभ्या, समांतर. त्यामुळे अख्खा ट्रस आडवा सरकेल. तिन्ही प्रतिक्रियांच्या रेषा एकाच बिंदूतून जात असतील, तर तो त्या बिंदूभोवती फिरू शकतो.

मग दोन्ही टोकांना पिन का नाही?

तसं केल्यास r = ४ आणि बेरीज २५. सांगाडा स्थिरच राहील, पण एक अज्ञात जास्त. उन्हाने ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर १३६ मीटर पोलाद साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. रोलर ही वाढ सरकून मोकळी करतो. दोन्हीकडे पिन असेल, तर वरून काही भार नसतानाही खालच्या दांड्यांत आणि आधारांवर बलं येतात, आणि ती काढायला पोलाद किती ताणलं-दबलं जातं हेही हिशोबात धरावं लागतं.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आधी सांधे पिनसारखे मानता येतात का ते पाहा, मग मोजा, मग त्रिकोण तपासा, शेवटी आधारांच्या दिशा. मोजणी कमी भरली तर ट्रस नक्की पडेल. बरोबर भरली तर तपासणी नुकती सुरू झाली आहे.